आठ बारांनी गाणं बदलतं आणि नेमके तिथेच पाय चुकतात: कारण कसं शोधायचं, दुरुस्ती कशी करायची

तक्रार अशी. व्यायामासाठी ट्रॅक तयार केला. हेडफोनवर ऐकला तर ठोका पक्का आहे आणि दर आठ बारांनी बदलही येतो. पण मैदानावर लावला की प्रत्येक बदलाच्या ठिकाणी रांगेतले पाय विस्कटतात. पाच-सात ठोक्यांत पुन्हा जुळतात आणि पंधरा सेकंदांनी परत तेच. एकदा झालं तर योगायोग म्हणता येईल, पण दर वेळी बदलावरच होत असेल तर दोष ट्रॅकमध्येच आहे.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याच्या बाजूला. शाळेच्या मैदानावर रोज पहाटे साडेपाचला पंचवीस-तीस मुलं-मुली पोलीस भरतीची तयारी करतात. फौजेतून निवृत्त झालेले सर त्यांच्याकडून व्यायाम करून घेतात. मी भजनी मंडळात मृदंग वाजवतो आणि घरच्या जुन्या लॅपटॉपवर संगीत करतो, म्हणून सरांनी ट्रॅकचं काम मला दिलं. पहिला ट्रॅक आठवडाभर वाजला. मग एका मुलीने सांगितलं, "दादा, गाणं बदलते ना, तवाच माया पाय चुकते." सरांचंही तेच म्हणणं होतं: "बाबू, तुयं गाणं चांगलं हाय, पण बदलते तवा पोट्टे गडबडते." ही गडबड शोधायला मला तीन आठवडे लागले, कारण एकाच लक्षणामागे एकापेक्षा जास्त दोष होते. एक काढला की दुसरा दिसायचा.

आधी हिशोब

चार मात्रांचा एक बार, असे आठ बार, म्हणजे ३२ मात्रा. एका मिनिटात जेवढे ठोके, तेवढा बीपीएम. आठ बारांना लागणारे सेकंद काढायचं सूत्र सरळ आहे:

```
8 बार (सेकंद) = 1920 / BPM
```

१२० ला १६ सेकंद येतात, १६० ला १२ आणि १२८ ला बरोबर १५. मी १२८ धरतो, कारण चार तुकड्यांत एक मिनिट पूर्ण होतं आणि सरांच्या हातातल्या घड्याळाशी ट्रॅक जुळतो. १३० घेतला तर तुकडा १४.७७ सेकंदांचा होतो आणि मिनिटाचा हिशोब बसत नाही.

याहून मोठा फायदा बैठकांचा आहे. दोन मात्रांत खाली, दोन मात्रांत वर, म्हणजे एका बारात एक बैठक. आठ बार म्हणजे आठ बैठका. मुलं मनात आठ मोजतात आणि आठवी संपली की गाणं बदलतं. मोजणी आणि गाणं एकाच ठिकाणी पोहोचतात, म्हणून आठ बारांचा बदल व्यायामात इतका चांगला बसतो. पण म्हणूनच तो बदल जरा जरी सरकला तरी कानाच्या आधी पायांना कळतं.

दोष कुठला ते व्हिडिओवरून ओळखा

नुसतं ऐकून कळत नाही. मोबाईल स्पीकरच्या जवळ ठेवा, पहिल्या दोन रांगांचे पाय दिसतील असा धरा आणि दोन मिनिटांचं चित्रीकरण करा. घरी येऊन ते अर्ध्या वेगाने बघा. बघायचं एवढंच, की पाय नेमके केव्हा चुकतात.

आठवा बार चालू असतानाच, म्हणजे बदल यायच्या आधीच पाय विस्कटत असतील, तर दोष तुम्ही आठव्या बारात भरलेल्या बोलांत आहे. नव्या तुकड्याच्या समेवर चुकत असतील आणि तिथे एकाच ठोक्याचे दोन ठोके ऐकू येत असतील, तर लूपची, म्हणजे पुन्हा पुन्हा चिकटवलेल्या तुकड्याची, लांबी चुकली आहे. समेवर सगळी वाद्यं एकदम क्षणभर अडखळत असतील, तर फाइली जोडताना मध्ये रिकामी जागा शिरली आहे. पाय अजिबात चुकत नाहीत, पण मुलं नवा व्यायाम सुरूच करत नाहीत, तर बदल त्यांच्या कानापर्यंत पोहोचलेलाच नाही. आणि फक्त मागच्या रांगा चुकत असतील, तर ट्रॅकला हात लावू नका. तिथे स्पीकरची जागा चुकलेली असते.

माझ्या पहिल्या व्हिडिओत आठव्या बारातच पाय फुटलेले दिसले.

तिहाईने केलेला घोटाळा

मृदंग वाजवणाऱ्याच्या हाताला एक सवय असते. आवर्तन संपत आलं की तिहाई घ्यायची आणि समेवर उतरायचं. ट्रॅकमध्येही मी तेच केलं. आठव्या बारात किक, म्हणजे दर मात्रेवर पडणारा ढोलाचा जाड ठोका, पूर्ण बंद केली आणि वरून तिहाई टाकली, 'तिरकिटधा, तिरकिटधा, तिरकिटधा', शेवटचा धा नव्या तुकड्याच्या समेवर. बसून ऐकणाऱ्याला हे फार गोड लागतं. समेवर मान आपोआप डोलते.

पण उड्या मारणाऱ्याचं काय होतं ते बघा. एका मात्रेचे चार भाग केले तर एका बारात सोळा भाग होतात. तिरकिटधा पाच भागांचं आहे. तिसऱ्या भागापासून सुरू केलं तर पहिला धा सातव्या भागावर पडतो, दुसरा बाराव्यावर आणि तिसरा सतराव्यावर, म्हणजे पुढच्या समेवर. सम बरोबर सापडते. पण पायांना हवे असलेले ठोके एक, पाच, नऊ आणि तेराव्या भागावर आहेत. पहिला धा दोन ठोक्यांच्या बरोबर मध्ये येतो. दुसरा चौथ्या मात्रेच्या पाव मात्रा आधी येतो. १२८ च्या लयीत पाव मात्रा म्हणजे ११७ मिलिसेकंद. किक बंद असल्यामुळे त्या वेळी मैदानावर सर्वांत ठसठशीत आवाज त्या धाचाच असतो. लेझीम खेळलेल्या मुली त्याच धावर पाय टाकत होत्या. ज्यांना ताल कळतो त्याच आधी चुकत होत्या, हे व्हिडिओ अर्ध्या वेगाने बघितल्यावर स्पष्ट दिसलं.

किक बंद करणं हा यातला मूळ दोष. ठोका ऐकून मग पाय पडत नाही. ठोका आता येणार हे धरून पाय आधीच निघालेला असतो. चार मात्रा गप्प राहिल्या की पावणेदोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ प्रत्येकाला स्वतःच्या अंदाजावर चालावं लागतं. दमलेला मागे पडतो, उत्साही पुढे जातो आणि किक परत येते तेव्हा अर्धे खाली असतात, अर्धे वर. नाचायच्या गाण्यात ही शांतता चालते, कारण तिथे लोक थांबून वाट बघतात. बैठकीत अर्ध्यावर थांबून कोणी वाट बघू शकत नाही. गुडघ्यांवर भार असतो.

दुरुस्ती अशी. किक पहिल्या मात्रेपासून शेवटच्या मात्रेपर्यंत कधीच बंद होणार नाही, आठव्या बारात तर मुळीच नाही. बदल येतोय याची सूचना ठोका काढून द्यायची नाही, वरचं काहीतरी काढून द्यायची. माझ्या ट्रॅकमध्ये घुंगरू सतत चालू असतात. आठव्या बारात मी ते काढतो, त्यामुळे आवाज एकदम मोकळा होतो आणि खालची किक उलट जास्त ठळक ऐकू येते. त्याच बारातल्या तिसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर एक-एक टाळी टाकतो, अगदी किकच्या डोक्यावर. मग समेवर झांज आणि नवं वाद्य. दोन टाळ्या आणि झांज, तिन्ही सरळ ठोक्यावर. मुलांना दोन दिवसांत त्याची सवय झाली. आता टाळी ऐकली की पुढचा व्यायाम कोणता ते त्यांच्या ध्यानात येतं.

तिहाई मला सोडवत नव्हती. शेवटी मी ती एकाच जागी ठेवली, संपूर्ण ट्रॅकच्या शेवटी. तिथे समेनंतर उडी मारायची नसते, थांबायचं असतं.

हलगीचा लूप

तिहाई काढल्यावर आठवा बार स्वच्छ झाला, पण समेवर अजून काहीतरी खटकत होतं. पाय चुकत नव्हते, दचकत होते. कान देऊन ऐकल्यावर समेआधीचा शेवटचा ठोका 'टण' ऐवजी 'टटण' असा दुहेरी ऐकू आला.

हलगी आमच्या गल्लीतल्या काकांची होती. लग्नात, पोळ्याला तेच वाजवतात. त्यांच्या अंगणात मोबाईलवर ध्वनिमुद्रण केलं होतं. कानात १२८ चा ठोका लावून वाजवा म्हटलं तर त्यांना ते अवघड गेलं, म्हणून त्यांच्याच अंदाजाने वाजवू दिलं. लय सुरेख होती. मी त्यातले चार बार डोळ्यांनी बघून कापले आणि एकापुढे एक चिकटवले.

चार बार १२८ ला बरोबर ७.५० सेकंदांचे असायला हवेत. माझा तुकडा ७.४६ चा निघाला. चाळीस मिलिसेकंद हे एकटं ऐकताना कोणालाच कळत नाही. पण किक ग्रिडवर, म्हणजे लॅपटॉपने आखलेल्या मात्रांच्या रेघांवर, चालू होती. दुसऱ्यांदा चिकटवलेला लूप किकच्या चाळीस मिलिसेकंद आधी सुरू होत होता आणि आठ बार संपेपर्यंत फरक ऐंशीवर जायचा. नवा तुकडा मी दर वेळी ग्रिडवरच सुरू करत होतो, त्यामुळे आठ बार हळूहळू पुढे सरकलेली हलगी समेवर एकदम मागे यायची. त्या ऐंशी मिलिसेकंदांत हलगी गप्प आणि मग उडी. साधारण वीस-तीस मिलिसेकंदांच्या पुढे फरक गेला की कानाला एका ठोक्याचे दोन ठोके वाटू लागतात. इथे तर त्याच्या तिप्पट होता. दोष आठ बारभर साचत होता आणि बदलावर उघडा पडत होता, म्हणून इतके दिवस मी बदलालाच दोष देत बसलो.

आवाज कापण्या-जोडण्याच्या ऑडॅसिटी या प्रोग्रॅममध्ये हे असं दुरुस्त केलं. प्रकल्पाचा दर ४४१०० ठेवला, म्हणजे एका सेकंदात आवाजाची ४४१०० मोजमापं, त्यातलं प्रत्येक एक सँपल. खालच्या पट्टीत निवडीची लांबी सेकंदांऐवजी `samples` मध्ये दाखवायला लावली, कारण सेकंदांत अंदाज राहतो, सँपलमध्ये राहत नाही. या दराने चार बार ३,३०,७५० सँपलचे आणि आठ बार ६,६१,५०० चे होतात. दोन्ही पूर्णांक आहेत, ही १२८ ची आणखी एक सोय. एकट्या मात्रेचं तसं नाही, ती २०,६७१.८७५ येते. म्हणून लूप एका मात्रेचा किंवा एका बाराचा कापूच नका. अपूर्णांक कुठेतरी गळतो आणि शंभर वेळा चिकटवल्यावर तो फरक मोजण्याइतका होतो.

मग हलगीची लाट मोठी करून पहिल्या ठोक्याची चढण जिथे सुरू होते तिथून, चार बारांनंतरच्या त्याच ठोक्याची चढण जिथे सुरू होते तिथपर्यंत निवड केली. ठोक्याच्या शिखरावर कापायचं नाही. शिखर प्रत्येक वेळी थोडं पुढे-मागे असतं आणि कापल्या जागी टकटक येते. चढणीच्या अगदी पायथ्याशी, जिथे लाट मधल्या रेषेला टेकते तिथे कापायचं. त्यानंतर `Change Tempo` मध्ये लांबीच्या रकान्यात ७.४६ च्या पुढे ७.५० भरलं. सूर बदलत नाही, फक्त लांबी वाढते, तीही अर्ध्या टक्क्याच्या आसपास. एवढ्याने हलगीचा आवाज बिघडत नाही. पाच-सात टक्के ओढावं लागत असेल तर मात्र नाद फाटतो. तेव्हा पुन्हा ध्वनिमुद्रण करणं हाच बरा मार्ग. ओढून झाल्यावर लांबी परत बघितली तर काही सँपल कमी-जास्त होते. शेवटच्या शांत भागात कापून, भरून ती ३,३०,७५० वर आणली.

आतले ठोके मी जागेवर बसवले नाहीत. काकांच्या हातात तिसऱ्या मात्रेला किंचित रेंगाळायची लकब आहे. काका म्हणाले, "हात काय मशीन हाय का बाप्पा." त्या रेंगाळण्यातच त्या हलगीचा जीव आहे. प्रत्येक बाराची पहिली मात्रा किकच्या बरोबर पडली की पुरे. मधल्या मात्रा दहा-पंधरा मिलिसेकंद हलल्या तर पायांना त्रास होत नाही.

आणखी एक. मोबाईलचं ध्वनिमुद्रण बऱ्याचदा ४८००० च्या दराने होतं. ऑडॅसिटी ते नीट ओळखते, पण एखादं अ‍ॅप दर न बदलता तीच फाइल ४४१०० समजून वाजवतं. मग आठ बार १५ ऐवजी १६.३ सेकंदांचे होतात आणि हलगीचा सूरही खाली येतो. हलगी अचानक ओली आणि जड वाटू लागली तर आधी हा दर तपासा.

जोडलेल्या एमपीथ्री फाइली

याला जास्त वेळ देत नाही, कारण उपाय एका वाक्याचा आहे: तुकडे `WAV` मध्येच ठेवा, एमपीथ्री सगळ्यात शेवटी, एकदाच.

घडलं असं, की सरांना व्यायामाचा क्रम बदलून हवा होता. मी आठ बारांचे तुकडे वेगवेगळे एमपीथ्री करून पाठवले आणि भाच्याने मोबाईलवर ते जोडले. प्रत्येक जोडावर सगळं संगीत पापणी लवण्याएवढं थांबत होतं. एमपीथ्री १,१५२ सँपलच्या चौकटींत बांधली जाते. आपले ६,६१,५०० सँपल त्या चौकटींत पूर्ण बसत नाहीत. ५७४ चौकटी भरून २५२ उरतात आणि शेवटची चौकट शांततेने भरली जाते. तीच सुमारे वीस मिलिसेकंद झाली. वर फाइलीच्या सुरुवातीलाही एन्कोडर थोडी रिकामी जागा घालतो. अखंड वाजवणारे प्लेअर ती वगळतात, पण जोडणारी साधी अ‍ॅप ती तशीच ठेवतात. बारा मिनिटांच्या ट्रॅकमध्ये ४८ तुकडे असतात, म्हणजे ४७ जोड. प्रत्येक जोडावर थोडं-थोडं साचून सरांचं घड्याळही शेवटी जुळेनासं होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं असेल तर पूर्ण ट्रॅक एकाच फाइलीत, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

बदल होतो, पण मैदानावर ऐकू येत नाही

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते या दोषाने. पहिल्या ट्रॅकमधला माझा आवडता बदल तिसऱ्या तुकड्यात होता. खालून जाड सिंथ बास येतो आणि मागे तंतुवाद्यांचा पडदा उघडतो. हेडफोनवर अंगावर काटा यायचा. मैदानावर मुलं जागेवर धावतच राहिली. त्यांच्या दृष्टीने काहीच बदललं नव्हतं.

खोलीत भिंती असतात, त्या खर्ज परत फेकतात. उघड्या मैदानावर भिंत नाही, समोर कपाशीचं शेत. खर्ज निघून जातो. त्यात लहान ब्लूटूथ स्पीकर शंभर हर्ट्झच्या खाली जवळजवळ मुकाच असतो. चाकांचा मोठा ट्रॉली स्पीकर जरा बरा, पण चाळीस-पन्नास हर्ट्झचा बास तोही मागच्या रांगेपर्यंत नेत नाही. तंतुवाद्यांचा पडदा पहाटेचा वारा आणि पंचवीस जणांच्या बुटांच्या आवाजात विरून जातो. शिवाय ट्रॉली स्पीकर दोन्ही बाजू एकत्र करून वाजवतो. हलगी डावीकडून उजवीकडे नेणं हा बदल असेल तर तो तिथे उरतच नाही.

म्हणून बदल मधल्या-वरच्या पट्टीत असावा, साधारण एक ते चार हजार हर्ट्झच्या टापूत. ताशा, झांज, टाळी, हलगीची कड, माणसाचा आवाज हे सगळं तिथे राहतं. मिरवणुकीत ताशा दोन गल्ल्या पलीकडून ओळखू येतो, त्याचं कारण हेच. किकलाही थोडी कड लागते. मी किकच्या सुरुवातीला लाकडी 'टक' मिसळली, ती तीन हजारांच्या आसपास. स्पीकर कितीही लहान असला तरी ती टक पोहोचते आणि पाय तिच्यावर पडतात.

तपासायची सोपी रीत आहे. ट्रॅक मोबाईलच्याच स्पीकरवर लावा, मोबाईल अंगणात ठेवा आणि दुसऱ्या खोलीत जाऊन भांडी घासणाऱ्या माणसाला विचारा, गाणं कधी बदललं. आमच्या आईने आठपैकी तीन बदल ओळखले तेव्हा मी पाच बदल पुन्हा केले.

पण बदल म्हणजे दर वेळी आवाज वाढवणं नव्हे. पहिल्या चार तुकड्यांत चार वाद्यं चढवली की पाचव्याला जागाच उरत नाही. त्यात एक छुपा दोष आहे. सगळी वाद्यं एकदम आली की स्पीकरमधला लिमिटर एकूण आवाज दाबतो आणि त्यात किकही दबते. म्हणजे जिथे आधार सगळ्यात जास्त हवा, तिथेच ठोका बारीक होतो. नवं वाद्य आणायच्या आधी दुसरं एक काढा किंवा बाकीची सगळी तीन डेसिबलने खाली घ्या. किक मात्र हलवू नका.

माझं सध्याचं एक मिनिट असं आहे. पहिला तुकडा किक आणि हलगी. दुसऱ्यात हलगी तशीच, वर मधल्या मात्रांवर झांज. तिसऱ्यात हलगी पूर्ण बाहेर, तिच्या जागी ताशा. हा सर्वांत ठळक बदल, म्हणून व्यायामही इथेच बदलतो. चौथ्यात ताशा आणि हलगी दोन्ही, झांज नाही. घुंगरू चारही तुकड्यांत, फक्त प्रत्येक आठव्या बारात गप्प. म्हणजे तीस सेकंद बैठका, तीस सेकंद जागेवर धावणं, आणि प्रत्येकाच्या अर्ध्यावर एक हलका बदल, जो 'निम्मं झालं' एवढंच सांगतो. सरांना आता ओरडावं लागत नाही.

खुणा हाताने लावत बसू नका. पुढच्यासारखी साधी मजकूर फाइल करून ऑडॅसिटीत लेबल म्हणून आयात करा. प्रत्येक ओळीत सुरुवात, शेवट आणि नाव, मध्ये टॅब.

```
0.000	0.000	बैठका
15.000	15.000	निम्म्या
30.000	30.000	धावणे
45.000	45.000	निम्मे
```

प्रत्येक खुणेवर लाट मोठी करून बघा. किकची चढण रेषेवरच सुरू झाली पाहिजे. एखाद्या खुणेवर ती पुढे-मागे दिसली तर तिच्या आधीच्या तुकड्यात लांबीचा दोष आहे.

फक्त मागची रांग चुकते तेव्हा

आवाज सेकंदाला साधारण ३५० मीटर जातो. स्पीकर मैदानाच्या एका टोकाला असेल तर पन्नास मीटरवरच्या रांगेला ठोका सुमारे १४० मिलिसेकंद उशिरा मिळतो. १२८ च्या लयीत एक मात्रा ४६९ मिलिसेकंदांची, म्हणजे पाव मात्रेपेक्षा जास्त उशीर. त्या रांगेला पुढच्यांचे पाय आधी दिसतात आणि ठोका नंतर ऐकू येतो. मग डोळ्यांवर विश्वास ठेवायचा की कानांवर, हे त्यांना कळत नाही. मागे दुसरा ब्लूटूथ स्पीकर ठेवून आम्ही बघितलं आणि आणखी बिघडलं. दोन्ही स्पीकरचा उशीर वेगवेगळा होता, त्यामुळे मधल्या रांगेला प्रत्येक ठोका दोनदा ऐकू यायचा. आता एकच स्पीकर मैदानाच्या मध्यात असतो आणि मुलं लेझीमसारखं त्याच्याभोवती रिंगण करतात. कोणीही पंधरा मीटरपेक्षा लांब नसतं.

सूर्यनमस्कार आठात बसत नाहीत

हे शेवटी राहिलं होतं. सर दर गुरुवारी सूर्यनमस्कार घेतात आणि त्या दिवशी जुनी गडबड परत आली. ट्रॅक तोच होता, कुठे दोष सापडेना. मग हिशोब मांडला. नमस्काराच्या बारा स्थिती, एका स्थितीला एक बार, म्हणजे एक नमस्कार बारा बारांचा. आठव्या बारानंतर बदल येतो तेव्हा मुलं नवव्या स्थितीत असतात. पुढचा बदल दुसऱ्या नमस्काराच्या पाचव्या स्थितीत येतो. बदल ऐकून काहींना वाटतं संपलं, आणि ते सरळ उभे राहतात.

तीन तुकड्यांचे चोवीस बार होतात, म्हणजे बरोबर दोन नमस्कार. तेव्हा मधले दोन बदल टाळ्या आणि झांजेशिवाय ठेवले, फक्त घुंगरांची घनता थोडी बदलली. ताशा आणि झांज दर चोवीसाव्या बारानंतरच्या समेवर. तो एकच बदल आता ऐकू येतो आणि त्या वेळी सगळे हात जोडलेल्या स्थितीत असतात. जोर काढायचे असतील तर एका जोराला दोन बार द्या, तुकड्यात चार बसतात. एका बारात जोर काढायला लावला तर छाती जमिनीला न टेकवताच मुलं वर येतात.